पुस्तकाची अब्रू राखणाऱ्या मुद्रितशोधकाला आभारपत्र कसं लिहावं

‘आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ हे वाक्य मुद्रितशोधकाला पाठवता येतं, मांडववाल्याला पाठवता येतं आणि सभागृहाच्या व्यवस्थापकालाही. त्यात चुकीचं काहीच नाही. पण ज्या माणसानं तुमच्या पुस्तकातली प्रत्येक वेलांटी दोन-तीनदा वाचली, त्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याच्या खुणा तुम्ही नीट पाहिल्यात का? कुठली चूक खरोखर घात करणारी होती, हे तुमच्या लक्षात आलं का? त्यानं समासात लिहिलेल्या शंकांचं पुढे काय झालं? चांगलं आभारपत्र या तीन प्रश्नांची उत्तरं देतं. ते कसं लिहायचं, हे पहिलंच पुस्तक छापून आलेल्या लेखकांसाठी इथे क्रमानं सांगितलं आहे.

सोयीसाठी एक कल्पित पुस्तक घेऊ. एका निवासी शाळेच्या आठवणी, पानं २०८, म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे. शाळेच्या संस्थापकांना सगळे ‘आचार्य’ म्हणत आणि शाळेच्या स्वयंपाकघरात आचारी होते. हे दोन शब्द एकाच पुस्तकात आले की काय होऊ शकतं, ते पुढे येईलच.

आधी प्रूफं सांभाळा

पत्राची तयारी पुस्तक छापून आल्यावर सुरू होत नाही, ती प्रूफं परत येतात त्या दिवशी सुरू होते. कागदावरची प्रूफं असतील तर दुरुस्त्या करून झाल्यावर ती रद्दीत जातात. संगणकावरची फाइल असेल तर लेखक एका बटणावर सगळे बदल एकदम स्वीकारतो आणि मजकूर स्वच्छ दिसायला लागतो. दोन्हींचा परिणाम सारखाच. कोणी काय पकडलं, याचा मागमूस राहत नाही. मग चार महिन्यांनी पत्र लिहायला बसलं की ‘बऱ्याच चुका सापडल्या होत्या’ एवढंच आठवतं, आणि तेच पत्रात उतरतं.

म्हणून खुणा केलेल्या फाइलची एक प्रत बदल स्वीकारण्याआधी वेगळ्या नावानं साठवून ठेवा. पीडीएफवर टिपा केलेल्या असतील तर त्या टिपांची यादी काढून घ्या, काही वाचकप्रणालींत ती सोय असते. कागदाची प्रूफं असतील तर ज्या पानांवर मोठी दुरुस्ती आहे तेवढ्याच पानांचे फोटो पुरेत. पहिलं, दुसरं आणि अंतिम प्रूफ वेगवेगळं ठेवा. पुढे एखादी चूक पुस्तकात राहिलेली दिसली तर ती नेमकी कुठल्या टप्प्यावर शिरली, हे त्यावरूनच कळतं.

तीन ढीग करा

आता खुणांवरून एकदा नजर फिरवा आणि मनातल्या मनात त्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग सर्वांत मोठा निघतो: राहिलेल्या मात्रा, ह्रस्व-दीर्घ, दोनदा पडलेले शब्द, न मिटलेली अवतरणचिन्हं. आपल्या कल्पित पुस्तकात ‘वसतीगृह’ हा शब्द जागोजागी दीर्घ ‘ती’नं लिहिलेला होता आणि मधेच कुठे तरी ‘वसतिगृह’ असा ह्रस्वही होता. ‘वसती’ हा शब्द एकटा असताना दीर्घ लिहायचा, पण समासात तो मूळ संस्कृतातला ह्रस्व राखतो, म्हणून ‘वसतिगृह’. अशा दुरुस्त्या पत्रात एकेक करून सांगायच्या नाहीत. त्यांच्यासाठी एक वाक्य ठेवा. त्यात आकडा घालायचा असेल तर मोजून घाला, नाही तर घालूच नका. ‘हजारो चुका’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की मोजलेल्या नाहीत.

दुसरा ढीग अर्थ फिरवणाऱ्या चुकांचा. तिसरा ढीग शंकांचा, म्हणजे जिथे मुद्रितशोधकानं स्वतः काही न बदलता समासात प्रश्न लिहून ठेवला. पत्र उभं राहतं ते या दोन ढिगांवर. त्यांतून दोन, फार तर तीन गोष्टी निवडा. जास्त घेतल्या तर पत्राचं शुद्धिपत्र होतं.

निवडताना एकच कसोटी लावा: ही चूक छापली गेली असती तर पहिला फोन कोणाचा आला असता? ज्या चुकीला याचं ठोस उत्तर आहे ती घ्या. ‘वाचकांचा रसभंग झाला असता’ हे ठोस उत्तर नव्हे.

चूक जवळून पाहा, तरच तिच्याबद्दल लिहिता येईल

आपल्या पुस्तकातलं एक वाक्य मुद्रणप्रतीत असं होतं:

‘आचार्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं, म्हणून त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला.’

लेखकाला म्हणायचं होतं ‘आचाऱ्यांनी’. ‘आचार्य’चं रूप ‘आचार्यांनी’ होतं आणि ‘आचारी’चं ‘आचाऱ्यांनी’. फरक एवढाच की पहिल्यात र रफार होऊन डोक्यावर जातो आणि दुसऱ्यात तो आडव्या, कोयत्यासारख्या खुणेनं य ला जोडला जातो. छापलं गेलं असतं तर ज्यांच्या स्मृतीला पुस्तक अर्पण केलं आहे, त्यांनीच आमटी खारट केली आणि त्यांचाच पगार कापला, असा अर्थ झाला असता. पहिला फोन अर्थात त्यांच्या घरून आला असता.

हे घडतं कसं, हेही समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये र + ् + य असं टंकलं की ‘र्य’ उमटतं. ‘ऱ्य’ हवं असेल तर खाली टिंब असलेला ऱ घेऊन ऱ + ् + य करावं लागतं. काही कळफलकांवर मात्र तीच अक्षरं साध्या र + ् नंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह घालून तयार होतात. हे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही आणि एका प्रणालीतून दुसरीत मजकूर नेताना ते गळून पडू शकतं. ते गळालं की उरतं र + ् + य, आणि लेखकानं बरोबर टंकलेलं ‘आचाऱ्यांनी’ कोणी हात न लावता ‘आचार्यांनी’ होऊन बसतं. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तोही याच वाटेनं, आणि डोंगरातला प्रवास समुद्रात पोचतो. शब्दलेखन तपासणाऱ्या प्रणालीला यात काही वावगं दिसत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. वाक्याचा अर्थ लावत वाचणाऱ्या माणसालाच ते खटकतं.

आता या एका चुकीसाठी मुद्रितशोधकानं काय केलं असेल, ते खुणांवरून पाहा. फक्त त्या पानावरचा शब्द सुधारला असेल, तर ते नेहमीचं काम. पण चांगला मुद्रितशोधक अशा वेळी थांबतो आणि संपूर्ण फाइलमध्ये ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा तपासतो. ‘आचार्य’, ‘कार्य’, ‘सूर्य’ यांना हात लावत नाही आणि ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘पायर्या’ वेचून काढतो. आपल्या उदाहरणात धरा, ‘आचार्य’ची रूपं ३४ ठिकाणी होती आणि त्यांतली ५ खरं तर आचाऱ्यांची होती. पत्रात लिहिण्यासारखी गोष्ट ही आहे. एका पानावर चूक दिसली म्हणून बाकीची २०७ पानं पुन्हा पाहिली गेली.

शंका विचारल्याबद्दल आभार मानायला विसरू नका

नवे लेखक बहुतेक इथेच चुकतात. दुरुस्तीचे आभार मानतात आणि शंकांचे विसरतात, कारण शंकांचा त्या वेळी थोडा त्रासच झालेला असतो.

आपल्या पुस्तकात एका प्रकरणाची सुरुवात अशी होती: ‘१ जानेवारी २०००, सोमवार. नव्या इमारतीत पहिला वर्ग भरला.’ समासात टीप आली: ‘या तारखेला शनिवार येतो. तारीख पाहाल का?’ लेखकानं जुनी वही काढून पाहिली तेव्हा कळलं की वार बरोबर होता. वर्ग सोमवारीच भरला होता, फक्त ३ जानेवारीला. मुद्रितशोधकानं स्वतःच्या अधिकारात ‘सोमवार’चा ‘शनिवार’ केला असता, तर तारीख आणि वार एकमेकांशी जुळले असते आणि दोन्ही चुकीचे छापले गेले असते. तशी चूक पुढे कोणालाही सापडली नसती. न बदलता विचारणं, हेच तिथे खरं कौशल्य होतं, आणि पत्रात नेमकं तेच म्हणायचं.

शंकेचा निकालही कळवा. मुद्रितशोधक प्रश्न लिहून प्रूफं परत पाठवतो आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. ‘तारीख चुकली होती, वार बरोबर होता’ या सहा शब्दांचं मोल कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त आहे.

तुम्ही एखादी सूचना मान्य केली नसेल तर तीही सांगायला हरकत नाही, मात्र कारणासह आणि एका वाक्यात. आपल्या पुस्तकातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या तोंडी कधी ‘व्हतं’ होतं तर कधी ‘हुतं’. टिपेत विचारलं होतं की दोन्हींतलं एकच ठेवायचं का. लेखकानं ‘व्हतं’ सगळीकडे केलं, पण एका जागी ‘हुतं’ मुद्दाम राहू दिलं, कारण तिथे तो दुसऱ्याची नक्कल करतो आहे. हे कळलं की मुद्रितशोधकाला समजतं, ती चूक राहिलेली नसून ठेवलेली आहे. शिवाय त्यानं बोलीला हात न लावता फक्त विचारलं, याचीही दखल घेतली जाते. संवादातली बोली ‘शुद्ध’ करून टाकणारे काही कमी नसतात.

जे पत्रात लिहायचं नाही

आता तिसरी चूक. पान १३२ वरच्या फोटोओळीत एका हयात व्यक्तीच्या नावाआधी ‘कै.’ छापलं जाणार होतं. वरच्या फोटोच्या ओळीतून ते खाली नकलून आलं होतं. अब्रू राखण्याच्या दृष्टीनं ही सर्वांत मोठी चूक, म्हणून ती पत्रात सविस्तर लिहावी असा मोह होतो. लिहू नका. पत्र पुढे कोण वाचेल, हे तुमच्या हातात नसतं. मुद्रितशोधक ते आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो, प्रकाशक ते कुठे तरी छापू शकतो. ‘पान १३२ वरची फोटोओळ’ एवढा उल्लेख करा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

याच कारणासाठी चुकीचं खापर तिसऱ्यावर फोडू नये. ‘अक्षरजुळणी करणाऱ्यानं घोळ घातला होता, तुम्ही वाचवलंत’ असं लिहिलं की आभार मानता मानता एक तक्रार नोंदवली जाते, आणि ती दोघं कदाचित पुढच्या पुस्तकावर एकत्र काम करणार असतात. शिवाय वर पाहिलं तसं, ‘र्य’ची चूक कोणाच्याही हातून न होता होऊ शकते. चुका ‘मुद्रणप्रतीत होत्या’ असं म्हणावं, आणि ज्या तुमच्या होत्या त्या ‘माझ्या’ म्हणाव्यात.

‘आता पुस्तकात एकही चूक नाही’ हे वाक्य कधीच लिहू नये. २०८ पानांच्या पुस्तकात काही ना काही राहतं, हे मुद्रितशोधकाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पहिल्या वाचकाला एक चूक सापडली की ते वाक्य दोघांनाही टोचतं. ‘तुम्ही पुस्तक नव्यानं लिहिलंत’ हेही तितकंच नको. ती स्तुती वाटते खरी, पण त्यानं पुस्तकाच्या मजकुराची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते, आणि त्याचं काम नेमकं काय आहे हे तुम्हाला कळलं नाही, असंही दिसतं.

पुढच्या पुस्तकाची विनंती, मानधनाचा विषय, राहिलेल्या चुकांची यादी यांना या पत्रात जागा नाही. मानधन बाकी असेल तर ते आधी द्या आणि पत्र नंतर पाठवा. बाकी असताना आलेलं आभारपत्र मुदत मागण्यासारखं वाचलं जातं.

मायना, लांबी, भाषा

दोनशे-अडीचशे शब्द पुरेत, म्हणजे एक पान. मायना तुमच्या नात्यावर ठरतो. फक्त प्रूफांपुरता संबंध आला असेल तर ‘आदरणीय’ आणि आडनावापुढे ‘सर’ किंवा ‘मॅडम’. फोनवर बोलणं होत असेल तर ‘प्रिय ...ताई’ किंवा ‘...दादा’ चालतं. कामाच्या दरम्यान ज्या नावानं हाक मारत होता, पत्रात त्याहून एकदम वरचा किंवा खालचा सूर लावू नका. आभारपत्र म्हणून ‘आपण’, ‘आपल्या अमूल्य दृष्टिक्षेपाने’ असं सुरू झालं की आतला माणूस हरवतो.

नाव मात्र तपासून लिहा. ‘दीपक’ की ‘दिपक’, हे व्याकरण ठरवत नाही, ती व्यक्ती स्वतः कसं लिहिते ते ठरवतं. प्रूफांसोबत आलेल्या पत्रातली किंवा बिलावरची सही पाहा.

आता वरच्या तीन ढिगांवरून तयार झालेलं पत्र:

> प्रिय ......ताई,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> पुस्तक काल हातात आलं. पहिल्यांदा पान ४७ उघडलं. ‘आचाऱ्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं’ हे वाक्य जसं हवं होतं तसं छापलेलं पाहिलं आणि मगच बाकीचं पुस्तक चाळलं.
>
> मुद्रणप्रतीत तिथे ‘आचार्यांनी’ होतं आणि मी ते तीनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं. तुम्ही तो एक शब्द सुधारून थांबला नाहीत. सगळ्या पुस्तकातला ‘र्य’ शोधून आणखी चार जागा काढल्यात. त्यांतली एकही राहिली असती, तर ज्या घरी मी पहिली प्रत घेऊन जाणार आहे, तिथे मला मान वर करता आली नसती.
>
> १ जानेवारी २००० बद्दलची तुमची शंका बरोबर ठरली. जुन्या वहीत पाहिलं तेव्हा कळलं, वार सोमवारच होता, तारीख ३ हवी होती. तुम्ही वार न बदलता मला विचारलंत, म्हणून खरी तारीख छापली गेली. पान १३२ च्या फोटोओळीबद्दल वेगळं काही लिहीत नाही. त्याबद्दल फोनवर बोललोच आहोत.
>
> ‘हुतं’ पान ८९ वर एकदा मुद्दाम ठेवलं आहे, तिथे तो नक्कल करतो आहे. बाकी सगळीकडे तुमच्या यादीप्रमाणे ‘व्हतं’ केलं. ती शब्दांची यादी मी फाइलसोबत जपून ठेवली आहे, पुनर्मुद्रणाच्या वेळी लागेल.
>
> वेलांट्या, मात्रा आणि विरामचिन्हांच्या दुरुस्त्या मोजल्या नाहीत. पण ज्या पानावर तुमची एकही खूण नाही अशी पानं मोजली, ती अकरा भरली.
>
> या पत्राचा दुसरा आणि तिसरा परिच्छेद तुम्हाला तुमच्या कामासाठी कुठे दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा. फक्त १३२ पानाचं वाक्य वगळा. पुस्तकाची एक प्रत सोबत पाठवत आहे.
>
> आपला स्नेहांकित,
> ......

या पत्रात ‘मनःपूर्वक’ नाही, ‘ऋणी’ नाही, आणि ‘आभार’ हा शब्दही आलेला नाही. तो घालायला हरकत नाही. पण तो काढून वाचल्यावरही पत्र आभाराचं वाटतं का, ही चांगली चाचणी आहे. नसेल वाटत, तर तपशील कमी पडला आहे.

अकरा पानांचं वाक्य थोडं गमतीचं आहे आणि ते चालतं, कारण हसू लेखकावर आहे. ‘किती बारीक बारीक चुका काढता हो तुम्ही’ ही गंमत मात्र टाळा. बारीक चुका काढणं हेच ज्याचं काम, त्याला ती कौतुकाची वाटेलच असं नाही.

परवानगीचा परिच्छेद सहज गाळला जातो, पण व्यवहारात त्याचाच उपयोग सर्वांत जास्त होतो. चित्रकार मुखपृष्ठ दाखवू शकतो, अनुवादक आपला मजकूर दाखवू शकतो. मुद्रितशोधकाला दाखवायला काही नसतं, कारण सुधारलेली चूक पुस्तकात दिसतच नाही, आणि खुणा केलेली प्रूफं तो परक्याला दाखवू शकत नाही, ती लेखकाची खासगी असतात. तुमचं पत्र हा त्याच्याकडचा एकमेव पुरावा असू शकतो. म्हणून कुठला भाग वापरता येईल आणि कुठला नाही, हे स्पष्ट लिहा. ‘हवं ते वापरा’ असं मोघम लिहिलं की सभ्य माणूस काहीच वापरत नाही.

पत्र स्वतःच तपासून घ्या

मुद्रितशोधकाला पाठवायच्या पत्रात चूक राहिली तर तो काही बोलणार नाही, पण त्याला ती दिसेल. पत्र लिहून एक रात्र बाजूला ठेवा. सकाळी कागदावर छापून मोठ्यानं वाचा. पुस्तकातून उद्धृत केलेली वाक्यं आणि पानांचे आकडे छापील प्रतीशी ताडून पाहा, प्रूफाशी नव्हे, कारण पानं लावताना आकडे सरकलेले असतात. आणि पत्रात स्वतःच ‘आचाऱ्यांनी’ लिहिलं असेल, तर पाठवल्यानंतर समोरच्या पडद्यावर ते ‘आचार्यांनी’ होऊन पोचणार नाही ना, हे आधी स्वतःलाच ईमेल पाठवून बघा. खाली टिंब असलेला ऱ वापरला तर ती भीती राहत नाही. पीडीएफ जोडणं त्याहून सुरक्षित.

कधी आणि कोणाकडे पाठवायचं

छापील प्रत हातात आल्यावर दोन आठवड्यांच्या आत. त्याआधी नको, कारण अंतिम प्रूफातली दुरुस्ती छापील पुस्तकात उतरली आहे की नाही, हे तोपर्यंत नक्की नसतं. छपाईला सहा महिने लागणार असतील तर अंतिम प्रूफानंतर चार ओळींचा निरोप पाठवा आणि सविस्तर पत्र मागाहून.

मुद्रितशोधक तुम्ही स्वतः नेमला असेल तर प्रश्न नाही. प्रकाशकानं नेमला असेल तर कित्येकदा तुम्हाला त्याचं नावही माहीत नसतं. अशा वेळी संपादकाला एवढंच विचारा: ‘प्रूफं कोणी वाचली, हे कळेल का? त्यांच्यासाठी एक पत्र आहे, पोचवाल का?’ पत्र उघडं द्या, म्हणजे संपादकही ते वाचेल. पुढचं काम कोणाला द्यायचं हे तोच ठरवतो, त्यामुळे त्यानं ते वाचणं मुद्रितशोधकाच्या फायद्याचंच असतं. त्या प्रतीतून १३२ पानाचं वाक्य काढायचं की ठेवायचं, तेवढं मात्र आधी ठरवा.

पुस्तकातला ऋणनिर्देश वेगळा. तिथे चुका सांगायच्या नसतात, फक्त नाव आणि काम. आणि नाव घालण्याआधी विचारा. तुम्ही बऱ्याच दुरुस्त्या नाकारल्या असतील, तर आपलं नाव त्या मजकुराला जोडलं जाऊ नये असं त्याला वाटू शकतं, आणि ते योग्यच आहे.

पत्र लिहिता लिहिता चूक सापडली तर

असं हमखास होतं. दुरुस्त झालेलं पान पाहायला पुस्तक उघडावं आणि शेजारच्याच पानावर ‘परिक्षा’ दिसावं. लगेच पत्रात शिरू देऊ नका. आधी जपून ठेवलेलं अंतिम प्रूफ काढा आणि त्या ओळीवर बोट ठेवा. तीन शक्यता असतात. खूण आहे, पण दुरुस्ती केली गेली नाही. खूण नाही, म्हणजे ती नजरेतून सुटली. किंवा अंतिम प्रूफात ती ओळच नाही, म्हणजे तुम्ही ती नंतर फोनवरून सांगून घातली आहे. तिसरी शक्यता लेखकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळदा खरी निघते, कारण शेवटच्या क्षणी घातलेला मजकूर कोणीच वाचलेला नसतो.

पहिल्या प्रकारातली चूक प्रकाशकाला कळवायची, तिचा मुद्रितशोधकाशी संबंध नाही. तिसरी तुमची आहे, आणि ती पत्रात एका ओळीत कबूल केली तर बिघडत नाही: ‘पान १५० वर मी मागाहून घातलेल्या ओळीत चूक निघाली, ती तुमच्यासमोर आलीच नव्हती.’ दुसऱ्या प्रकारातली चूक पुनर्मुद्रणासाठीच्या यादीत लिहा. ती यादी महिन्याभरानं, इतर वाचकांनी कळवलेल्या चुकांसह, स्वतंत्र पाठवा. मुद्रितशोधकाला ती हवीच असते, फक्त आभाराच्या पाकिटात नको असते.